बहिणीला भावाचं रक्त का दिलं नाही?

*माझी धाकटी बहीण १९ वर्षांची आहे. अंगावर निळे डाग यायला लागले, हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून मुंबईला नेलं तर अप्लास्टिक अॅनिमिया निघाला, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशीच पुरेशा तयार होत नाहीत. आम्हा दोन भावांपैकी कुणाचं एचएलए जुळलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, नाहीतर एटीजी नावाचं औषध, असं डॉक्टर म्हणतात. तोवर रक्त आणि प्लेटलेट चालू आहेत. कागदावर दर वेळी "इरॅडिएटेड, ल्युकोरिड्यूस्ड" लिहून देतात. माझा रक्तगट तिच्याशी जुळतो, तरी माझं रक्त तिच्यासाठी घेतलं नाही. गावातले म्हणतात, घरचं ताजं रक्त सगळ्यात चांगलं. किरण मारलेलं रक्त अंगात गेलं तर तिला आणखी काही होणार नाही ना? बाबांनी मामाचीच मुलगी केली, तर एका घरातलं रक्त उलट जास्त जुळायला हवं ना? आम्ही देवगडजवळ राहतो. असं रक्त मुंबईहून मासळीच्या बर्फाच्या खोक्यातून आणून इथल्या दवाखान्यात लावून घेता येईल का?*
*एक भाऊ, देवगड तालुका*

नमस्कार. तुमचं रक्त तिच्यासाठी घेतलं नाही ते अगदी योग्य झालं. त्यामागचं कारण तुम्ही शेवटच्या काही ओळींत स्वतःच लिहिलं आहे, फक्त त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो त्याच्या उलट आहे. मी बरीच वर्षं रक्तपेढीत काम केलं, आणि हाच प्रश्न विचारणारे भाऊ, मुलगे, वडील मला सतत भेटले. त्यांतल्या बऱ्याच जणांना "नियम आहे" एवढंच उत्तर मिळालेलं असायचं. नियम का आहे ते कळलं तर पुढचे निर्णय तुम्हाला घरी बसूनही बरोबर घेता येतील, म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

रक्तगट जुळला म्हणजे तांबड्या पेशी जुळल्या, एवढंच. पण तांबड्या पेशींच्या साध्या पिशवीत दात्याच्या पांढऱ्या पेशीही येतात, आणि त्या थोड्याथोडक्या नसतात. एका पिशवीत त्या शंभर कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकतात. त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशींचं कामच आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणं आणि परक्यावर तुटून पडणं हे आहे. पिशवीत आल्या म्हणून त्या हे काम विसरत नाहीत. एरवी रुग्णाचं शरीर या पाहुण्या लिम्फोसाइटना परक्या म्हणून ओळखतं आणि काही दिवसांत संपवून टाकतं. म्हणूनच रोज इतक्या लोकांना साधं रक्त दिलं जातं आणि त्यांना हा त्रास होत नाही.

दोन परिस्थितींत हा बंदोबस्त मोडतो. एक म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या लिम्फोसाइट औषधांनी किंवा आजाराने निकामी झालेल्या असतात. दुसरी म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटतच नाहीत, इतक्या जवळच्या असतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत पहिली परिस्थिती येऊ घातली आहे. एटीजी हे औषध लिम्फोसाइट मारण्यासाठीच देतात, आणि ट्रान्सप्लांटच्या आधीची औषधंही तेच करतात. दुसरी परिस्थिती तुमचं रक्त दिलं तर येऊ शकते.

ती कशी, ते तुमच्याच घराचं उदाहरण घेऊन पाहू. पेशींवर ओळखीच्या ज्या खुणा असतात त्यांना एचएलए म्हणतात. या खुणांचा एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. समजा, तुमच्या आईकडे क आणि ख असे दोन संच आहेत. तुमच्या बाबांकडे क आणि ग आहेत. क दोघांकडे असण्याची शक्यता तुमच्या घरात इतरांपेक्षा जास्त आहे, कारण बाबांच्या आईकडचे आजी-आजोबा तेच तुमच्या आईच्या वडिलांकडचे आजी-आजोबा. एकच संच दोन वाटांनी खाली उतरून तुमच्या घरात पुन्हा एकत्र येऊ शकतो. आता समजा, तुम्हाला आईकडून क मिळाला आणि बाबांकडूनही क. तुम्ही झालात क-क. बहिणीला आईकडून क आणि बाबांकडून ग मिळाला. ती झाली क-ग.

तुमचं रक्त तिला दिलं तर तिचं शरीर तुमच्या पेशी तपासतं. तिथे फक्त क दिसतो, आणि क तर तिचाही आहे. हे घरचेच, असं समजून ती त्यांना राहू देते. तुमच्या लिम्फोसाइट मात्र तिच्या शरीराकडे पाहतात तेव्हा त्यांना ग दिसतो. ग त्यांनी कधी पाहिलेला नाही. मग त्या वाढायला लागतात, त्यांची संख्या दुपटीने फुगत जाते आणि त्या तिच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला चढवतात. जुळणी एका बाजूने आहे, दुसऱ्या बाजूने नाही, आणि सगळा घात त्यातच आहे. दाता पूर्ण अनोळखी असेल तर अशी एकतर्फी जुळणी क्वचितच होते. सख्ख्या नात्यात ती होण्याची शक्यता कितीतरी वाढते, आणि आईवडीलही एकमेकांच्या नात्यातले असतील तर आणखी वाढते. तुमच्या घरात नेमकं असंच आहे असं मी म्हणत नाही, ते एचएलए तपासणीतच दिसेल. पण असं असण्याची शक्यता आहे एवढ्यावरूनच तुमची पिशवी जशीच्या तशी तिला देणं चूक ठरतं. म्हणूनच जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचं झालं तर रुग्णाची प्रतिकारशक्ती धडधाकट असली तरीसुद्धा ते इरॅडिएट करूनच, म्हणजे किरण देऊनच द्यावं, असा दंडक आहे.

या आजाराचं वैद्यकीय नाव लांब आहे, आम्ही त्याला टीए-जीव्हीएचडी म्हणतो. तो फार दुर्मीळ आहे. पण झाला तर दहातले नऊ किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात, आणि खात्रीचा उपचार नाही. रक्त दिल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी ताप येतो, अंगावर लाल पुरळ उठतं, जुलाब सुरू होतात, यकृताच्या तपासण्या बिघडतात आणि मग सगळ्याच रक्तपेशी कोसळतात, कारण परक्या लिम्फोसाइट अस्थिमज्जाच उद्ध्वस्त करतात. रुग्णाचा मृत्यू बहुधा जंतुसंसर्गाने नाहीतर रक्तस्रावाने होतो.

तुमच्या बहिणीसारख्या रुग्णात तो ओळखणंही अवघड असतं, आणि ही गोष्ट मला विशेष करून सांगायची आहे. इतर रुग्णांमध्ये रक्तपेशी अचानक कोसळल्या की डॉक्टर दचकतात. तिच्या पेशी तर आजारामुळे आधीच खाली आहेत, मग हा इशारा मिळणार कसा? शिवाय एटीजी दिल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी सीरम सिकनेस नावाची प्रतिक्रिया येऊ शकते, तिच्यातही ताप आणि पुरळ असतं. शंका आलीच तर त्वचेचा तुकडा तपासतात, आणि रुग्णाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो का ते पाहतात. पण तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जे झाल्यावर आवरत नाही आणि वेळेत ओळखूही येत नाही, ते होऊच न देणं एवढंच हातात उरतं. पिशवीला किरण देतात ते यासाठी.

गावातल्या माणसांचं "घरचं ताजं रक्त" हे म्हणणं मायेपोटी आहे, पण हा धोका ताज्या रक्तातच सर्वांत जास्त असतो. पिशवी फ्रीजमध्ये जसजशी जुनी होते तसतशा तिच्यातल्या लिम्फोसाइट दुबळ्या पडत जातात. या आजाराच्या बहुतेक नोंदी ताजं, दहा दिवसांच्या आतलं रक्त दिलेल्या रुग्णांच्या आहेत. जपानमध्ये हा अनुभव फार कडवट होता. तिथल्या लोकांत एचएलएचं वैविध्य कमी आहे, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ताजं रक्त, पुष्कळदा नातेवाइकांचं, वापरायची पद्धत होती. प्रतिकारशक्ती चांगली असलेली माणसंही शस्त्रक्रिया नीट पार पडल्यावर दहा-बारा दिवसांनी ताप आणि पुरळ येऊन दगावत. १९९० च्या दशकात तिथे रक्त इरॅडिएट करून द्यायची पद्धत देशभर रुजली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आता किरणांची भीती. तुम्ही देवगडचे, म्हणून हापूसचंच उदाहरण देतो. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूस पाठवण्याआधी गॅमा किरणांखालून नेतात. किमान ४०० ग्रे एवढी मात्रा देतात, म्हणजे फळात एखादी कीड किंवा अळी असलीच तर ती पुढे वाढू शकत नाही, तिची पैदास थांबते. आंबा आंबाच राहतो आणि लोक तो आनंदाने खातात. रक्ताच्या पिशवीला त्याच्या कितीतरी कमी मात्रा लागते. पिशवीच्या मध्यभागी २५ ग्रे, आणि तिच्या कुठल्याही कोपऱ्यात १५ ग्रेपेक्षा कमी नाही, एवढीच. किरण पिशवीतून आरपार जातात, मागे काही उरत नाही. छातीचा एक्स-रे काढल्यावर माणूस किरणोत्सर्गी होत नाही, तशीच ही पिशवीही होत नाही. ती हातात धरायला, जवळ ठेवायला आणि बहिणीच्या शिरेत जायला या बाबतीत निर्धोक आहे.

किरणांनी लिम्फोसाइट निकामी होतात आणि तांबड्या पेशी व प्लेटलेट टिकतात, हे कसं, असं तुम्हाला वाटेल. किरण डीएनए तोडतात. लिम्फोसाइटला नुकसान करायचं तर आधी स्वतःची संख्या वाढवावी लागते, आणि डीएनए तुटला की तिला विभागता येत नाही. तांबड्या पेशीत आणि प्लेटलेटमध्ये केंद्रकच नसतं आणि त्या विभागतही नाहीत, म्हणून त्यांचं काम चालू राहतं. हे काम करणारं यंत्र म्हणजे शिशाच्या जाड कवचात ठेवलेला कोबाल्ट किंवा सिझियमचा स्रोत, नाहीतर एक्स-रेवर चालणारं यंत्र. नवी मुंबईत वाशीला असलेली बीआरआयटी ही अणुऊर्जा विभागाची संस्था असं यंत्र आपल्याकडे बनवते. पिशवी आत ठेवतात आणि काही मिनिटांत काम होतं. यंत्र महाग, त्याला परवाने आणि सुरक्षेची व्यवस्था लागते, त्यामुळे ते मोठ्या केंद्रांतच असतं. तालुक्याच्या रक्तपेढीत ते नाही, यात तिथल्या लोकांची काही कसूर नाही.

किरणांचा थोडा त्रास तांबड्या पेशींनाही होतोच. त्यांच्या आवरणातून पोटॅशियम जास्त झिरपायला लागतं. म्हणून अशी पिशवी फार दिवस साठवत नाहीत, किरण दिल्यानंतर २८ दिवसांच्या आत, आणि तिची मूळ मुदत आधी संपत असेल तर त्या मुदतीत वापरतात. शक्यतो रुग्णाला द्यायच्या जरा आधीच किरण देतात. तान्ह्या बाळाला भराभर जास्त रक्त द्यायचं असेल तेव्हा या पोटॅशियमकडे फार बारकाईने पाहावं लागतं. तुमच्या बहिणीला एखादी पिशवी सावकाश चढवताना त्याची चिंता नको. प्लेटलेटची मुदत किरणांमुळे कमी होत नाही, ती एरवीसारखी पाच दिवसांचीच राहते. गोठवलेल्या प्लाझ्माला आणि त्यापासून बनवलेल्या क्रायोला किरण लागत नाहीत, कारण गोठवण्यात या पेशी जगत नाहीत. त्यामुळे कधी प्लाझ्माच्या पिशवीवर किरणांची खूण दिसली नाही तर घाबरू नका.

खूण म्हणजे काय, तेही पाहून ठेवा. किरण देण्याआधी पिशवीवर एक छोटी चिकटपट्टी लावतात. तिच्यावर "नॉट इरॅडिएटेड" असं इंग्रजीत छापलेलं असतं. पुरेशी मात्रा मिळाली की "नॉट" या शब्दावरची खिडकी काळी पडते आणि फक्त "इरॅडिएटेड" वाचता येतं. पिशवी लावायच्या आधी परिचारिका नाव, नंबर आणि गट पडताळते, त्याच वेळी तुम्हीही ही पट्टी पाहा. "नॉट" अजून स्वच्छ दिसत असेल तर पिशवी लावण्याआधी थांबवायला सांगा. असं विचारणं नातेवाइकाचा हक्क आहे, कुणी रागावलं तरी विचारा.

दुसरा शब्द ल्युकोरिड्यूस्ड. हे वेगळं काम आहे आणि या दोन्हींची गल्लत फार होते. किरण पांढऱ्या पेशींना निकामी करतात, पण त्या पिशवीतच राहतात. ल्युकोरिडक्शनमध्ये रक्त बारीक तंतूंच्या खास फिल्टरमधून जातं, पांढऱ्या पेशी तंतूंना चिकटून मागे राहतात आणि पिशवीत पन्नास लाखांपेक्षा कमी उरतात. शंभर कोटींच्या पुढे हे पुष्कळ कमी आहे, तरी शून्य नाही. गाळलेलं रक्त देऊनही टीए-जीव्हीएचडी झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे "फिल्टर लावला आहे, किरणांची गरज नाही" असं कुणी म्हटलं तर ते तुमच्या बहिणीच्या बाबतीत मान्य करू नका.

मग गाळायचं कशासाठी? रक्त चढताना येणारी थंडी आणि ताप पुष्कळ कमी होतात, सीएमव्ही नावाचा पांढऱ्या पेशींत लपून राहणारा विषाणू जाण्याची शक्यता घटते, हे फायदे आहेतच. पण तुमच्या बहिणीसाठी महत्त्वाचा फायदा आहे प्लेटलेटचा. परक्या पांढऱ्या पेशी वारंवार अंगात आल्या की तिचं शरीर त्यांच्या एचएलए खुणांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लागतं. त्याच खुणा प्लेटलेटवरही असतात. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की पुढे दिलेल्या प्लेटलेट रक्तात टिकतच नाहीत. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ट्रॅप नावाच्या अभ्यासात, ल्युकेमियाच्या ज्या रुग्णांना साध्या प्लेटलेट दिल्या त्यांच्यापैकी १३ टक्क्यांमध्ये या कारणाने प्लेटलेट लागू पडेनाशा झाल्या. फिल्टर केलेल्या दिल्या तिथे हेच प्रमाण ३ ते ४ टक्के होतं.

हे घडतंय का ते कसं कळतं? समजा, सकाळी तिच्या प्लेटलेट ८,००० आहेत. मशीनवर एका दात्याकडून काढलेली एसडीपीची पिशवी दिली, तर मोठ्या माणसात साधारण ३०,००० ते ५०,००० ची वाढ अपेक्षित असते. पिशवी संपल्यावर तासाभराच्या आत नमुना घेतला आणि आकडा ४०,००० आला तर सगळं ठीक. तो ११,००० च आला, आणि पुढच्या पिशवीनंतरही तसंच झालं, तर प्रतिपिंडांची शंका घ्यायला हवी. तासाभराचा आकडा चांगला येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेला, तर कारण बहुधा ताप, जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा एखादं औषध असतं. म्हणून नमुना कधी घेतला ते महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी पिशवीनंतरचा आकडा थेट दुसऱ्या दिवशी सकाळी घेतात आणि मग हा फरक कळत नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांना तासाभराचा नमुना घ्यायची नम्रपणे विनंती करा. प्रतिपिंडं निघाली तर एचएलए जुळवून निवडलेल्या दात्याच्या प्लेटलेट शोधाव्या लागतात. त्या मिळवणं कठीण असतं, आणि जुळवून दिलेल्या असल्यामुळे त्यांनाही किरण द्यावेच लागतात.

अप्लास्टिक अॅनिमियात याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रान्सप्लांट. आधी पुष्कळ रक्त दिलं गेलं आणि त्यातून शरीर परक्या खुणांविरुद्ध तयार झालं, तर दिलेली मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. यातच तुमचं रक्त न घेण्याचं दुसरं कारण आहे, आणि ते मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. उद्या तुम्हीच तिचे मज्जादाते ठरू शकता. आज तुमच्या पेशी तिला दिल्या, तर तिचं शरीर तुमच्याविरुद्धच तयारी करून बसेल, आणि मज्जा देण्याची वेळ येईल तेव्हा ती तयारी आड येईल. किरण दिले तरी हा धोका जात नाही. म्हणून ट्रान्सप्लांटचा विचार चालू असेपर्यंत तुमचं, तुमच्या भावाचं, आईबाबांचं, मामा-काकांचं रक्त तिच्यासाठी नको, किरण दिलेलंही नको.

गाळण्याबाबत दोन खबरदाऱ्या घ्या. रक्त चढवायच्या प्रत्येक नळीत थेंब पडतात तिथे एक जाळी असते, ती फक्त गुठळ्या अडवते, पांढरी पेशी तिच्यातून सहज जाते. आणि "बफी कोट काढलेली" पिशवी म्हणजे फिल्टर केलेली नव्हे. बफी कोट म्हणजे पांढऱ्या पेशींचा थर, तो काढल्याने पांढऱ्या पेशी कमी होतात, पण तिच्यासाठी हव्यात तितक्या नाही. रक्तपेढीत विचारताना "ल्युकोफिल्टर लावून केलेली आहे का?" असंच विचारा. साठवण्याआधी रक्तपेढीतच गाळलेली पिशवी सर्वांत चांगली, विशेषतः प्लेटलेटची, कारण पांढऱ्या पेशी साठवणीत ताप आणणारी द्रव्यं सोडत राहतात आणि ती नंतर खाटेजवळ लावलेल्या फिल्टरने निघत नाहीत. खाटेजवळच फिल्टर लावायची वेळ आली तर तांबड्या पेशींचा वेगळा आणि प्लेटलेटचा वेगळा असतो, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

बर्फाच्या खोक्यातून रक्त आणायचा विचार कृपा करून सोडा. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ठेवतात. पिशवी बर्फाला टेकली की पेशी गोठून फुटतात, आणि फुटलेल्या पेशींचं रक्त चढवलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्लेटलेटचं याच्या उलट असतं. त्या २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवाव्या लागतात. बर्फात नेल्या तर त्या रक्तात टिकत नाहीत, सगळी धडपड फुकट जाते. एक रक्तपेढी दुसऱ्या रक्तपेढीकडे किंवा रुग्णालयाकडे तापमान राखणाऱ्या पेटीतून पिशव्या पाठवू शकते, पण ती व्यवस्था त्यांनी आपसात करायची असते. तुम्ही मुंबईच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की गोवा, कोल्हापूर की मुंबई, घरापासून सोयीचं असं कुठलं केंद्र इरॅडिएटेड पिशवी देऊन तिथेच चढवूनही देईल. देवगडहून गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर मुंबईपेक्षा जवळ पडतं. तिथे फोन करून आज यंत्र चालू आहे का आणि पिशवी किती वेळ आधी सांगावी लागते, हे विचारून मगच निघा. पावसाळ्यात घाट बंद पडतात, म्हणून आकडा अगदी तळाला जायची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलून तारीख जरा आधीची धरा.

आता सर्वांत अवघड प्रसंग. घरी असताना नाकातून किंवा पोटातून जोराचा रक्तस्राव सुरू झाला, आणि जवळच्या रुग्णालयात इरॅडिएटेड पिशवी नाही. अशा वेळी किरणांसाठी अडून बसू नका. रक्तस्रावाने आता जीव जाण्याचा धोका खरा आणि मोठा असतो, टीए-जीव्हीएचडीचा दुर्मीळ. तिथल्या डॉक्टरांना शांतपणे सांगा की ही इरॅडिएटेड रक्त लागणारी रुग्ण आहे, ते मिळत नसेल तर नात्यातल्या कुणाचं नको, ताजं नको, तांबड्या पेशींची १४ दिवसांपेक्षा जुनी पिशवी द्या, आणि फिल्टर असेल तर लावा. जुन्या पिशवीतल्या लिम्फोसाइट बऱ्याचशा दुबळ्या झालेल्या असतात. प्लेटलेटच्या बाबतीत ही सोय नाही, त्या पाच दिवसांच्या आतल्याच असतात, म्हणून साध्या प्लेटलेट द्याव्यात की नाही हे तिथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवावं. तशी साधी पिशवी द्यावी लागलीच, तर तारीख आणि पिशवीचा नंबर लिहून ठेवा आणि मुंबईला त्याच दिवशी कळवा. त्यानंतर महिनाभर ताप, पुरळ किंवा जुलाब झाले तर औषधाची प्रतिक्रिया समजून घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा आणि हीच तारीख आधी सांगा.

हे सगळं ऐन वेळी आठवणार नाही. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: आजाराचं नाव, रक्तगट, "फक्त इरॅडिएटेड आणि ल्युकोफिल्टर केलेल्या तांबड्या पेशी व प्लेटलेट, नातेवाइकांचं रक्त नको", आणि त्यांचा फोन. एक प्रत तिच्या पर्समध्ये, एक आईकडे, एक फोनमध्ये फोटो काढून. ट्रान्सप्लांट झालं तरी ही गरज लगेच संपत नाही, त्यानंतर निदान सहा महिने आणि लिम्फोसाइट पुरेशा वर येईपर्यंत इरॅडिएटेडच लागतं. कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, तोवर कागद फेकू नका.

राहता राहिलं तुम्ही तिच्यासाठी काय करायचं ते. एचएलए तपासणी दोन्ही भावांनी याच आठवड्यात करून घ्या. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, तुम्ही दोघं आहात म्हणजे दोघांपैकी निदान एक तरी जुळण्याची साधारण ४४ टक्के. आईबाबांचं नातं असल्यामुळे त्या दोघांचीही तपासणी करायची का, हेही डॉक्टरांना विचारा. एवढ्या जवळच्या नात्यात कधी कधी तेही जुळतात. आणि रक्त द्यायची इच्छा असेल तर तुम्ही आणि तुमच्या भावाने सर्वांसाठीच्या साठ्यात द्या, ते दुसऱ्या कुणाला तरी जाईल. तिच्या प्लेटलेटसाठी मात्र गावातले, नात्यात नसलेले, तिच्याच गटाचे आठ-दहा मित्र एसडीपी देण्यासाठी आधीच तपासून ठेवा. वजन, हिमोग्लोबिन, हाताच्या शिरा आणि त्यांच्या स्वतःच्या प्लेटलेट पाहूनच रक्तपेढी त्यांना निवडते. बोलावल्यावर सगळेच पात्र ठरतात असं नाही, आणि प्लेटलेट पाच दिवसच टिकत असल्यामुळे त्यांना एकदम न बोलावता पाळीपाळीने पाठवा.